ताई, साखरपुड्याला नव्हतो त्याबद्दल

ताई,

तुझ्या साखरपुड्याला मी नव्हतो. मनापासून माफी मागतो. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला हे खरं, पण चूक रस्त्याची नव्हती. साडेदहाचा मुहूर्त, पुण्याहून कराड १६० किलोमीटर, आणि मी निघालो सकाळी सातला. शनिवारी रात्रीच निघायला हवं होतं. भावोजींना गंध लावून पोशाख द्यायचं माझं काम ऐन वेळी काकांना करावं लागलं. तुझी ओटी भरताना तू दाराकडे बघत होतीस, असं आई म्हणाली. आणि दुपारी पोचल्यावर तुझ्याशी बोलायचं सोडून मी सगळ्यांना ट्रकचंच सांगत बसलो, त्याचं जास्त वाईट वाटतं.

भावोजींशी काल बोललो. रविवारी साताऱ्याला त्यांच्या आईबाबांना भेटून येतो, एकटाच. माझ्यासाठी तुला तिथे शब्द टाकावा लागू नये.

तुमचं दोघांचं केळवण मी करतो, पुण्यात माझ्याकडे, त्याच्या पुढच्या रविवारी. दोन्ही घरचे मिळून बारा जण. अळूचं फतफतं, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि तुझ्या आवडीचं श्रीखंड. श्रीखंड विकतचं नाही. एक किलो चक्का आणि ९०० ग्रॅम साखर शनिवारी संध्याकाळीच कालवून ठेवतो. साखर विरघळायच्या आत पुरणयंत्रातून काढलं तर कचकच लागते. चक्का ओलसर मिळाला तर तासभर फडक्यात टांगेन, नाहीतर श्रीखंड पातळ होऊन पानभर पळतं. अळूला चिंच घालायला विसरणार नाही, घसा खाजला की सगळ्या जेवणाचा विचका. मसालेभात आत्या करणार आहे, तो माझ्या हातचा धड होत नाही. पानाभोवती रांगोळी मी काढतो.

त्या दिवशी साखरपुड्याचीच साडी नेसून येशील? सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा आहे. फोटोवाल्याला अल्बमची दोन पानं मोकळी ठेवायला सांगितलं आहे.

लग्न १७ डिसेंबरला. माझी रजा १३ पासून मंजूर झाली आहे, १२ च्या रात्री मी घरी असेन. पुण्यातल्या नातेवाइकांच्या पत्रिका मी घरोघरी नेऊन देतो, म्हणजे बाबांची एक खेप वाचेल. लाजाहोमाच्या साळीच्या लाह्या मीच आणतो. चुरमुरे नकोत, असं गुरुजींनी बजावलंय. तुझ्या ओंजळीत लाह्या घालायला आणि भावोजींचा कान पिळायला मीच उभा असणार.

केळवणाचा रविवार सोयीचा नसेल तर त्याच्या पुढचाही मोकळा ठेवला आहे. आज रात्री नऊला फोन करतो. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस, उद्या परत करेन.

तुझा,
बंटी