मनूस पत्र

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

उद्यापासून सकाळी उठल्यापासून तुझ्या कानावर दुसरीच भाषा पडणार. सगळे खळखळून हसतील आणि का हसले ते तुला कळणार नाही, तेव्हा फार एकटं वाटेल गं. अशा वेळी उगाच मान डोलावू नकोस, शेजारी बसलेल्याला सरळ विचार. पहिल्या भेटीत तुझ्या सासूबाई माझा हात धरून "काळजी करू नका, ती आमचीच मुलगी" म्हणाल्या. ते वाक्य त्या पाठ करून आल्या होत्या. मधेच अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

मोठ्यांशी आदराने कसं बोलतात ते आधी शिकून घे. बाकी चुकत-माकत बोल. जावईबापूंना दर वेळी मध्ये घेऊ नकोस.

मराठी मात्र सोडू नकोस. पुढे मुलं झाली की त्यांच्याशी मराठीतच बोल, कुणी काही म्हणो. मुलांना दोन भाषा जड जात नाहीत. मला नातवंडांशी पोटभर गप्पा मारायच्यात.

रोज फोन नाही केलास तरी चालेल. रडू आलं तर मात्र मध्यरात्रीसुद्धा कर.

तुझी,
आई