विषय: आर्थिक वर्ष २०२४-२५, वडिलांच्या फ्लॅटची विक्री: कागदपत्रं आणि इंडेक्सेशनचा प्रश्न

देशपांडे सर,
नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर ठरल्याप्रमाणे आर्थिक वर्ष २०२४-२५ (करनिर्धारण वर्ष २०२५-२६) च्या रिटर्नसाठी लागणारे कागद पाठवतो आहे. १५ सप्टेंबरच्या आत भरायचं आहे, पण एका मुद्द्यावर तुमचं उत्तर आल्याशिवाय मला आकडेच पक्के करता येत नाहीत. आधी कागद.

पगाराचा भाग सोपा आहे. फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, २६ एएस आणि एआयएस, चारही पीडीएफ एकत्र जोडल्या आहेत. पगाराला नवी करप्रणालीच ठेवायची आहे, त्यात काही बदल नाही.

फ्लॅटचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत:

१. डिसेंबर २००८ चं खरेदी अ‍ॅग्रीमेंट (बाबांच्या एकट्याच्या नावावर, किंमत २४,००,०००), सोबत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, मिळून १,२०,०००
२. बाबांचा मृत्यू दाखला (जून २०१९) आणि वारसांचे कागद
३. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मागच्या बाजूला माझं आणि ताईचं नाव लागल्याची नोंद आहे
४. १४ नोव्हेंबर २०२४ चं विक्री अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू, किंमत ७८,००,०००
५. दलालीची पावती, ७८,०००
६. माझ्या खात्याचं नोव्हेंबर-डिसेंबरचं स्टेटमेंट

नोंदणीच्या पावतीची शाई इतकी उडाली आहे की स्कॅनमध्ये रक्कम वाचताच येत नाही. सुदैवाने अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या पानावर बाबांनी पेन्सिलने सगळा हिशोब मांडून ठेवलाय, त्याचाही फोटो जोडला आहे. तो पुरावा म्हणून चालणार नाही हे कळतं, म्हणून नोंदणी कार्यालयात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला आहे. सध्या १,२०,००० धरून चालतो.

आता प्रश्न. फ्लॅटमध्ये माझा आणि ताईचा निम्मा-निम्मा वाटा. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीपासून आमच्याकडे असल्यामुळे १२.५ टक्के बिनाइंडेक्सेशन किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, यांतला कमी बसेल तो कर, इथपर्यंत मला कळलं आहे. पण २० टक्क्यांच्या हिशोबात इंडेक्स कुठल्या वर्षाचा धरायचा: बाबांच्या खरेदीचा, २००८-०९ चा १३७, की आम्हाला वारसाहक्काने मिळाला त्या २०१९-२० चा २८९? विक्रीच्या वर्षाचा ३६३ आहे, त्याबद्दल शंका नाही.

मी दोन्ही करून पाहिलं. दलाली वजा जाता ७७,२२,००० येतात. १३७ धरला तर खर्च ६६,७७,०८० होतो आणि माझ्या वाट्याच्या नफ्यावर कर १,०४,४९२ बसतो. २८९ धरला तर तोच कर ४,५५,६७४, म्हणजे मग १२.५ टक्क्यांचा पर्यायच स्वस्त, ३,२५,१२५. (सेस कुठेच धरलेला नाही.) एका आकड्यामुळे दोन लाख वीस हजारांचा फरक पडतोय, म्हणून अंदाजाने भरायची हिंमत होत नाही.

कलमाची भाषा वाचली तर करदात्याने मालमत्ता प्रथम धारण केली ते वर्ष, म्हणजे २०१९-२०, असं वाटतं. पण मंजुळा शाह प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आधीच्या मालकाच्या वर्षापासून इंडेक्सेशन दिलं होतं, असंही वाचलं. तो निकाल जुन्या तरतुदीवरचा. २०२४ च्या बदलानंतर जो तुलनेचा पर्याय आला, त्यातही तो आधार घेता येईल का? आणि नोटीस आलीच तर तुम्ही १३७ वर ठाम राहाल का? मला खरं तर या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवं आहे.

नवं घर घ्यायचं नाही, त्यामुळे कलम ५४ नको. बाँडची सहा महिन्यांची मुदत मे महिन्यातच संपली, तेही सोडून द्या.

एक घोळ आधीच सांगून ठेवतो. खरेदीदाराने एक टक्का टीडीएस, म्हणजे पूर्ण ७८,०००, ताईच्या एकटीच्या पॅनवर भरला. माझ्या २६ एएसमध्ये त्यामुळे काहीच दिसत नाही. दोघांचे वेगळे फॉर्म भरा असं आम्ही दोनदा बजावलं होतं. "रक्कम तर तीच ना", हे त्यांचं उत्तर. आता दुरुस्तीसाठी त्यांच्या मागे लागलो आहे. ती झाल्याशिवाय माझ्या रिटर्नमध्ये ३९,००० चं क्रेडिट घेऊ नका.

ताईचंही रिटर्न तुम्हीच भरणार आहात, तेव्हा जो इंडेक्स ठरेल तो दोघांनाही सारखाच लावा. २२ ऑगस्टपर्यंत उत्तर मिळालं तर स्वयंनिर्धारण कराची रक्कम मला एफडी न मोडता जमवता येईल. फोन संध्याकाळी सातनंतर केलात तर बरं, दिवसा मी मीटिंगमध्ये असतो.

आपला,
मिलिंद
११ ऑगस्ट २०२५