येणी वयोमान अहवाल: ३० नोव्हेंबर २०२५ अखेर

प्रति: मालक, पुठ्ठा खोकी युनिट, साकीनाका
तयार करणार: हिशेब विभाग, १ डिसेंबर २०२५

दादा, दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले आहेत. आपली उधारी ३० दिवसांची, म्हणून ३१–६० च्या रकान्यापासून पुढचं सगळं थकीत. रकमा रुपयांत.

| ग्राहक | ०–३० | ३१–६० | ६१–९० | ९१–१८० | १८० वर | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| सुकामेवा, मस्जिद बंदर | – | ६०,००० | १,२०,००० | २,७५,००० | – | ४,५५,००० |
| औषध वितरक, अंधेरी | २,४०,००० | १,८५,००० | – | – | – | ४,२५,००० |
| फरसाण कारखाना, वसई | १,१०,००० | ९५,००० | १,४०,००० | – | – | ३,४५,००० |
| चामडी वस्तू निर्यात, धारावी | – | – | ८५,००० | १,९०,००० | – | २,७५,००० |
| मिठाई, दादर | १,३५,००० | ४८,००० | – | – | – | १,८३,००० |
| विजेचं सामान, कुर्ला | – | – | – | – | १,६२,००० | १,६२,००० |
| इतर छोटी खाती | २,१५,००० | ७२,००० | १८,००० | – | – | ३,०५,००० |
| एकूण | ७,००,००० | ४,६०,००० | ३,६३,००० | ४,६५,००० | १,६२,००० | २१,५०,००० |

थकीत १४,५०,०००, म्हणजे एकूण येण्यांच्या ६७ टक्के. त्यातले ६,२७,००० नव्वद दिवसांच्या पुढचे. आपली बँक कॅश क्रेडिटसाठी ही रक्कम धरत नाही. क्राफ्ट पेपरचे पैसे आगाऊ द्यायचे आणि सात तारखेला पगार करायचे, त्यामुळे चिमटा इथेच बसतो.

पाठपुराव्याचा क्रम

रक्कम किंवा जुनेपणा बघून क्रम लावलेला नाही. आपल्या हातातलं काय आधी निसटेल, ते वर घेतलं आहे.

१. धारावी, २,७५,०००. त्यांचा १,९०,००० चा चेक खात्यात शिल्लक नसल्याने परत आला. बँकेचा मेमो आपल्याला १२ नोव्हेंबरला मिळाला. कलम १३८ ची नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, म्हणजे १२ डिसेंबरपर्यंत. वकिलांकडून शुक्रवार, ५ तारखेलाच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवू या. नोटीस मिळाल्यापासून त्यांना १५ दिवस मिळतात. ऑगस्टअखेर अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावल्यापासून ऑर्डरी थांबल्या, असं ते सांगतात. ते खरं असणार, आणि माणसं जुनी आहेत. हप्ते द्यायला माझी हरकत नाही, पण हप्ते लेखी हवेत आणि नोटीस त्यासाठी थांबवू नये.

२. मस्जिद बंदर, ४,५५,०००. सर्वात जुनं बिल ९ जूनचं, १,३०,००० चं. ६ डिसेंबरला त्याला १८० दिवस होतात. तोपर्यंत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट त्यांना व्याजासह परत करावं लागतं. हे त्यांच्या मुनीमजींना नीट सांगितलं की गाडी हलते. फोन करून उपयोग नाही, तिथे "उद्या बघतो" एवढंच ऐकायला मिळतं. दादा, मंगळवारी सकाळी अकराच्या आत तुम्ही स्वतः जा, शेठ तेव्हा गल्ल्यावर असतात. निदान ते एक बिल त्याच दिवशी एनईएफटीने घ्या. नवीन माल बंदच ठेवायचा.

३. वसई, थकीत २,३५,०००. इथे दानत चांगली आहे, अडलंय ते भांडणावर. सप्टेंबरच्या पावसात काही खोकी ओली पोचली. आपल्या चलनावर त्यांच्या स्टोअरकीपरने "खालची थप्पी ओली, ठेवून घेतली" असं लिहून शिक्का मारलेला आहे. मागणी २२,००० ची आणि अडकलेत १,४०,०००. चलन बघता मागणी रास्त वाटते. तुमची संमती मिळाली तर आजच क्रेडिट नोट काढते, म्हणजे उरलेले १,१८,००० या आठवड्यात मागता येतील. सर्वात सोपी वसुली हीच.

४. अंधेरी, १,८५,०००. ते १० आणि २५ तारखेलाच पैसे सोडतात. सोमवार, ८ तारखेच्या आत खातेउतारा आणि शिक्क्याची चलनं पोचली पाहिजेत, नाहीतर पंधरा दिवस गेले. सोबत आपलं उद्यम प्रमाणपत्र जोडते. आपण लघु उत्पादक असल्याने ४५ दिवसांची मर्यादा लागू होते. ती उलटलेली रक्कम ३१ मार्चलाही बाकी राहिली तर या वर्षी त्यांना तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. त्यांच्या सीएंना हे ठाऊक असतं.

५. दादर, ४८,०००. एक फोन पुरे. माणूस पाठवायचाच तर ३ तारखेपर्यंत पाठवा, पुढे महापरिनिर्वाण दिनामुळे रस्ते भरलेले असतात.

६. कुर्ला, १,६२,०००. सर्वात जुनी बाकी, तरी शेवटी ठेवली. बिल फेब्रुवारी २०२५ चं, दाव्याची तीन वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. शटर महिनोन्महिने बंद आहे. आधी बाकी मान्य असल्याची सही मिळवू या. ती न मिळाल्यास जानेवारीत लघुउद्योगांच्या थकीत येण्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करू.

छोट्या खात्यांचे ९०,००० ऑफिसमधून फोनवर होतील. त्यातल्या १८,००० वाल्याला मी आज लावते.

धारावीच्या नोटिशीसाठी मूळ चेक, मेमो आणि बिलं फाइलमध्ये लावली आहेत. वकिलांच्या पत्रावर तुमची सही बुधवारपर्यंत हवी.