नगरपरिषद ई-निविदा सूचना क्र. १४/२०२५-२६ : फोटोवरून काढलेला गोषवारा

मामा, तुम्ही दुपारी साइटवरून पाठवलेला पेपरचा फोटो वाचला. सूचना आजच्या, म्हणजे ९ सप्टेंबर २०२५ च्या अंकातली आहे. आपल्या शहराच्या नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाची, खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. तक्त्यात तीन कामं आहेत. तिसरं पथदिव्यांचं, त्याला विद्युत ठेकेदाराचं लायसन लागतं. म्हणून ते सोडून दिलं. उरली दोन:

काम १ : प्रभाग ४ मध्ये सिमेंट काँक्रीट रस्ता. अंदाजपत्रकीय रक्कम रु. ४८,७२,३५०. मुदत ९ महिने.
काम २ : प्रभाग ७ मध्ये आरसीसी गटार व त्यावर झाकणं. अंदाजपत्रकीय रक्कम रु. १९,४०,८१०. मुदत ६ महिने, पावसाळ्यासह.

आधी निष्कर्ष सांगते. काम २ आपण नक्की भरू शकतो. काम १ चं सगळं एका आकड्यावर अडलंय, आणि तो आकडा नेमका पेपरच्या घडीत गेलाय.

पात्रता

समान कामाची अट फोटोत अशी दिसते: "मागील (घडी) आर्थिक वर्षांत अंदाजपत्रकीय रकमेच्या किमान ४० टक्के इतक्या रकमेचे एक समान स्वरूपाचे काम पूर्ण केलेले असावे." 'मागील' आणि 'आर्थिक'च्या मध्ये एकच आकडा आहे. त्याचं वरचं टोक तेवढं दिसतं, बाकी शाई उडालीय. फोटो मोठा करून, उजेड वाढवून, उलटसुलट करून पाहिला. ३ असेल, ५ असेल. अंदाजाने लिहिणार नाही, कारण आपला निकाल त्यावरच ठरतो.

काम १ साठी ४० टक्के म्हणजे रु. १९,४८,९४०. तेवढं मोठं काम आपलं एकच, रु. २१,१५,००० चा शाळेसमोरचा काँक्रीट रस्ता. त्याच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर तारीख १२ फेब्रुवारी २०२२ आहे, म्हणजे ते २०२१-२२ मध्ये मोडतं. अट तीन वर्षांची असेल तर २०२२-२३ पासूनची कामं धरतील आणि हे बाहेर पडेल. पाच वर्षांची असेल तर २०२०-२१ पासून मोजतील आणि आपण आत. त्यानंतरचं आपलं सगळ्यात मोठं काम रु. १७,६०,००० चं, दोन लाखांच्या आसपास कमी पडतंय. दोन कामांची बेरीज चालणार नाही, 'एक काम' असं स्पष्ट लिहिलंय.

काम २ ला ही चिंता नाही. तिथे ४० टक्के म्हणजे रु. ७,७६,३२४. आपलं २०२३-२४ चं गटाराचं काम रु. ९,३०,००० चं आहे, आकडा ३ निघो की ५.

उलाढालीची अट: मागील तीन आर्थिक वर्षांची सरासरी अंदाजपत्रकाच्या ३० टक्के. (हा 'तीन' अक्षरात छापलाय, म्हणून वाचता आला.) काम १ साठी रु. १४,६१,७०५ लागतात, आपली सरासरी ३८ लाखांच्या वर आहे. नोंदणी "सार्वजनिक बांधकाम विभागाकडील योग्य त्या वर्गातील" हवी आणि निविदा भरायच्या दिवशी वैध हवी. आपली मार्च २०२६ पर्यंत आहे. संयुक्त भागीदारीत भरता येणार नाही, त्यामुळे कोणाचा दाखला जोडून घेऊ असं मनात असेल तर ते सोडा.

फी आणि अनामत

निविदा फॉर्म फी परत मिळत नाही. काम १ ची रु. २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण रु. २,३६०. काम २ ची एकूण रु. १,१८०. या दुसऱ्या रकमेतला पहिला आकडा फोटोत १ आहे की ९ ते कळत नव्हतं, पण शेजारी मूळ फी रु. १,००० स्पष्ट आहे, म्हणून प्रश्न मिटला.

बयाना रक्कम काम १ ला रु. ४८,८००, काम २ ला रु. १९,५००. दोन्ही एक टक्का धरून वर पूर्ण केल्यात, हिशोब जुळतो. "कोणत्याही निविदाधारकास बयाना रकमेतून सूट नाही" असं ठळक छापलंय, म्हणजे उद्यम प्रमाणपत्र जोडून उपयोग नाही. भरणा फक्त पोर्टलवरून ऑनलाइन. डीडी घेणार नाहीत.

फक्त काम २ भरलं तर खात्यात रु. २०,६८० लागतील. दोन्ही भरली तर रु. ७१,८४०. काम मिळालं तर ५ टक्के सुरक्षा अनामत: अर्धी करारनाम्याच्या वेळी, अर्धी बिलातून. काम २ ला अंदाजपत्रकावर धरलं तर ती रु. ९७,००० च्या आसपास होते. फार खाली दर टाकला तर अतिरिक्त सुरक्षा अनामत लागेल. तिचं प्रमाण सूचनेत नाही, सविस्तर निविदेत आहे. तुम्ही दर ठरवायच्या आधी ते पान काढून ठेवते.

तारखा

निविदा पोर्टलवर उद्या बुधवार, १० सप्टेंबरला सकाळी १० वाजता उघडतील. पत्ता https://mahatenders.gov.in . भरायची शेवटची वेळ बुधवार, २४ सप्टेंबर, दुपारी ३.००. ही वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, आपल्या मोबाइलची नाही. पैसे कापले गेले पण शेवटचं बटण दाबायचं राहिलं, तर निविदा भरली असं होत नाही.

निविदापूर्व बैठक मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळी ११.३०, नगरपरिषदेच्या सभागृहात. शंका लेखी द्यायच्यात, आदल्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत.

स्थळपाहणीचा दाखला कनिष्ठ अभियंत्यांकडून घ्यायची शेवटची तारीख शुक्रवार, १९ सप्टेंबर. ही ओळ सूचनेत तळाशी बारीक अक्षरात आहे. पहिल्यांदा वाचताना माझ्याच नजरेतून सुटली होती. दोन कामांचे दोन वेगळे दाखले.

तांत्रिक लिफाफा उघडणं शुक्रवार, २६ सप्टेंबर, दुपारी ४.००, "शक्य झाल्यास". निविदा उघडल्यापासून १२० दिवस वैध राहते, तोवर बयाना अडकून पडेल असं धरून चला.

२२ तारखेला घटस्थापना आहे. त्या आठवड्यात ऑफिसात आणि बँकेत कोण भेटेल ते सांगता येत नाही. म्हणून आपली शेवटची तारीख मी २४ नाही, शनिवार २० सप्टेंबर धरतेय. तो महिन्यातला तिसरा शनिवार, बँक चालू असते. १३ तारखेला दुसरा शनिवार, त्या दिवशी बंद.

कागदपत्रे

लिफाफा १, म्हणजे तांत्रिक. यातलं बरंचसं आपल्या फाइलमध्ये तयार आहे: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी आणि शेवटचं भरलेलं रिटर्न, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, हाती असलेल्या कामांची यादी.

नव्याने करायच्या गोष्टी चार. यातली ऐपतदारी दाखल्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. अंदाजपत्रकाच्या २० टक्के रकमेचा, राष्ट्रीयीकृत बँकेचा आणि "मागील एक वर्षाच्या आतील" दाखला हवा. आपला दाखला १५ लाखांचा आहे. रकमेला पुरतो (काम १ ला रु. ९,७४,४७० लागतात), पण तो जुलै २०२४ चा, चौदा महिने जुना. बँकेत अर्ज उद्याच गेला पाहिजे. तुमची सही लागेल. अर्ज लिहून ठेवलाय, साइटवर जाताना ऑफिसवरून जा.

दुसरं, उलाढालीचं सीएचं प्रमाणपत्र, यूडीआयएन क्रमांकासह. मागच्या वर्षीच्या प्रमाणपत्रात २०२४-२५ नाही, ते चालणार नाही. सीएंना मी आज रात्रीच आकडे पाठवते. तिसरं, काळ्या यादीत नसल्याचं हमीपत्र, रु. ५०० च्या मुद्रांकावर, नोटरी करून. चौथं, यंत्रसामग्रीचा पुरावा: मिक्सर आणि व्हायब्रेटर स्वतःचे असल्यास बिलं, नसल्यास भाडेकरार. मिक्सरचं बिल आहे. व्हायब्रेटरचं मला सापडत नाहीये. तुमच्या गाडीतल्या पिशवीत असेल का?

गटाराच्या कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर कार्यकारी अभियंत्यांची सही आणि जावक क्रमांक दोन्ही आहेत, तपासलं. स्कॅन मूळ कागदावरून रंगीत करीन, झेरॉक्सवरून नाही.

लिफाफा २ मध्ये फक्त दर. टक्केवारीची निविदा आहे: अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त. पोर्टलवरून उतरवलेल्या एक्सेल फाइलमध्येच भरायचं आणि फाइलचं नाव बदलायचं नाही, नाहीतर पोर्टल ती घेत नाही. 'कमी' की 'जास्त' हे आधी निवडायचं, मग आकडा. दराचा उल्लेख लिफाफा १ मधल्या कुठल्याही कागदावर आला तर निविदा बाद, म्हणून तुमच्या हिशोबाचे कागद माझ्या स्कॅनच्या ढिगात ठेवू नका. डिजिटल सहीचं टोकन डिसेंबरपर्यंत चालू आहे.

फोटोत न वाचता आलेलं

वर्षांचा तो आकडा. शिवाय उजवा काठ कापला गेलाय, तिथे दोषदायित्व कालावधीचा रकाना आहे. काम १ ला "३ व" एवढंच दिसतं, काम २ ला काहीच नाही. गटाराच्या झाकणांची तीन वर्षं जबाबदारी घ्यायची की एकच वर्ष, यावर तुमचा दर बदलेल, म्हणून हेही उद्या सविस्तर निविदेतून घेईन. आणि खाली एका ओळीवर तुमच्या अंगठ्याची सावली आहे. "शुद्धिपत्रक असल्यास फक्त संकेतस्थळावर" असा मजकूर दिसतो, म्हणजे ते पेपरात येणार नाही. रोज सकाळी मी पोर्टल पाहीन.

उद्या दहाला निविदा उतरवली की पहिल्यांदा तो आकडा बघून फोन करते. ३ निघाला तर काम १ सोडायचं. मला वाटतं, ती अट शिथिल करा म्हणून बैठकीत विचारण्यातही अर्थ नाही, एवढ्या उशिरा सहसा कोणी बदलत नाही. ५ निघाला तर दोन्ही कामांची स्थळपाहणी एकाच फेरीत करून घ्या.

तोवर तो पेपर कोणाला पुडी बांधायला देऊ नका. संध्याकाळी घरी आलात की सपाट टेबलावर ठेवून, दिव्याखाली, अंगठा बाजूला ठेवून एक फोटो परत पाठवा.