दसऱ्यापासून मनीषनगरातही आपलं दुकान

सप्रेम नमस्कार,

येत्या दसऱ्याला सकाळी 10 वाजता आमचं साड्यांचं दुसरं शोरूम मनीषनगरात सुरू होत आहे. वर्धा रोडकडच्या कितीतरी ताई-काकू लग्नाच्या बस्त्यासाठी इतवारीच्या गर्दीत येत राहिल्या, त्यांच्यासाठीच हे पाऊल. इतवारीचं दुकान आहे तिथेच, आहे तसंच राहील.

ग्राहकांसाठी भाव दोन्हीकडे एकच. साडी कुठूनही घ्या, बदलून कुठेही मिळेल. फक्त बिल सोबत असू द्या. फॉल-पिकोला दिलेली साडी मात्र जिथे दिली तिथूनच न्यावी. जुनी उधारी इतवारीच्याच वहीत राहील. भंडाऱ्याच्या कोशाचा मोठा साठा आता नव्या जागेत, उजेडात नीट उलगडून पाहता येईल.

व्यापारी मंडळींना विनंती: जीएसटी क्रमांक तोच आहे, नवी जागा नोंदणीत जोडली आहे. माल आमच्या ऑर्डरवर लिहिलेल्या पत्त्यावरच पाठवावा आणि ई-वे बिलात पोहोचवण्याचं ठिकाण तेच टाकावं, नाहीतर गाडी अडते. पेमेंट, हिशोब पूर्वीप्रमाणे इतवारीतूनच, ठरलेल्या मुदतीत.

तुम्ही विश्वास टाकला म्हणून हा दिवस आला. सोनं द्यायला सहकुटुंब या, वाट पाहतो.

आपले,
इतवारीच्या दुकानातील सर्वजण