छोट्या, फिजिओचा पेपर वन, आज रात्रीचं असं कर

तुझा "दादा काहीच आठवून नाही राहिलं" वाला मेसेज पाहिला. आता साडेसहा होऊन राहिले, पेपर उद्या दहाला, म्हणजे साडेपंधरा तास आहेत आणि त्यातले साडेसात मी आत्ताच झोपेसाठी काढून घेतले. पावणेअकरा ते सव्वासहा. यावर वाद नको घालू बे.

फर्स्ट इयरच्या प्रिलिमला मी रात्री साडेतीनपर्यंत काउंटरकरंट घोकत बसलो होतो, तीन कप कॉफी मारून. सकाळी प्रश्न तोच आला आणि मी असेंडिंग लिंबमधून पाणी बाहेर काढलं! तो लिंब पाण्याला बंद असतो हे मी दहा जणांना समजावलेलं होतं. तुझ्याच पुस्तकात आहे ना, दिवसभराचं वाचलेलं हिप्पोकॅम्पसमधून पक्कं होण्यात झोपेचा हात असतो, आणि आरईएम पहाटेकडे जास्त येते, म्हणजे चारला अलार्म लावून तू नेमकी तीच कापशील. आणि कॉफी आता बंद. कॅफिनची हाफ लाइफ साधारण 5 तास, सातला घेतलेली बाराला अर्धी अंगातच, अडेनोसिनच्या रिसेप्टरवर बसून.

आता साडेआठपर्यंत फक्त आकृत्या. पुस्तक बंद, रफ वही, पेन. कार्डियाक सायकलचा ग्राफ, ऑक्सिजनचा डिसोसिएशन कर्व्ह (राइटला काय काय सरकवतं ते बाजूला: सीओटू, हायड्रोजन आयन, ताप, बीपीजी), नेफ्रॉन, जेजी अ‍ॅपरेटस, स्पायरोग्राम, अ‍ॅक्शन पोटेन्शियल. एकेक 5 मिनिटात काढ, मग उघडून पाहा आणि जे सुटलं ते लाल पेनानं भर. पूर्ण चॅप्टर वाचायला घेऊ नको, आणि जो कधी उघडलाच नाही तो आज उघडू नको, त्यानं मार्क येत नाहीत, फक्त पोटात गोळा येतो.

मग आईच्या हातचं वरणभात. मित्र सावजी खायला बोलावतील, नाही जायचं, उद्या तीन तास एका जागी बसायचं आहे.

सव्वानऊ ते सव्वादहा आकडे. कार्डियाक आउटपुट 5 लिटर, जीएफआर मिनिटाला 125 मिली म्हणजे दिवसाला 180 लिटर, टायडल व्हॉल्यूम 500, न्यूरॉनचं रेस्टिंग पोटेन्शियल मायनस 70. नंतर बॅग भर: हॉल तिकीट, दोन निळे पेन, पेन्सिल, खोडरबर, घड्याळ (मोबाइल आत नेता येत नाही), पाण्याची बाटली. ग्रुप म्यूट कर, तिथं अकरा वाजता कोणीतरी "हे पक्कं येणार" म्हणून पीडीएफ टाकतंच. आंघोळ करून कूलर लाव, झोपताना शरीराचं तापमान उतरावं लागते, गरम खोलीत कूस बदलत राहशील. झोप नाही आली तरी मोबाइल उचलू नको, पडून राह, तेवढं चालते.

सकाळी पोहे खा पण तर्री नको टाकू. लाल पेनाच्या खुणा अर्धा तास पाहा, बाकी काही नाही. मानेवाड्याहून सव्वानऊच्या आत नीघ, तुकडोजी पुतळ्याजवळ गर्दी असते.

हॉलमधलं नीट वाच, माझे मार्क तिथंच गेले होते. पहिल्या एलएक्यूवर मी 40 मिनिटं घालवली, डायग्रामला शेडिंग करत बसलो, आणि शेवटचे दोन एसएक्यू कोरे राहिले, म्हणजे 10 मार्क फुकट. तू पाठवलेल्या नोटिशीप्रमाणे 100 मार्क, 180 मिनिटं, तर हिशोब असा. पहिली 10 मिनिटं फक्त वाच आणि येणाऱ्या प्रश्नांवर टिक कर. वीस एमसीक्यू 20 मिनिटं. दोन मार्काचे दहा, प्रत्येकी 3 मिनिटं, म्हणजे 30. पाच मार्काचे आठ, प्रत्येकी 8, म्हणजे 64. दोन एलएक्यू 20-20. झाले 164, उरले 16, ते अडलेल्यांसाठी. एसएक्यूले 8 मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी अर्धं पान सोडून पुढं जा. जो प्रश्न येतच नाही त्याचीही व्याख्या आणि एक लेबल केलेली आकृती टाक, कोरं पान तपासणाऱ्यालाही काही देता येत नाही.

आणि सुटल्यावर गेटवर एमसीक्यू जुळवत उभा राहू नको, परवा पेपर टू आहे. सरळ घरी ये, मी संध्याकाळी हॉस्टेलवरून येतो, सीएनएसचे ट्रॅक्ट सोबत काढू. येताना रजिस्टर माझं परत घेऊन ये बे, तीन महिने झाले.