ती. स्व. काकूंना वाढदिवसाचा नमस्कार

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

मायना बरोबर आहे ना? वर ‘ती. स्व.’ लिहिलंय ते तुमच्याच शिकवणीवरून. सख्ख्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि त्यांच्या जागी मानावं अशा माणसाला ‘तीर्थस्वरूप’, हे तुम्ही मला सांगितलं तोवर दोन्ही एकच आहेत असं मी समजत होतो. आज पहिल्यांदाच हा मायना कुणाला तरी लिहितोय. चुकला असेल तर पुढच्या भेटीत कान धरा.

काकू, आज तुम्हाला ६५ पूर्ण झाली. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! तारीख निखिलने सांगितली, तीही मी तीनदा विचारल्यावर. ‘आईला असलं काही केलेलं आवडत नाही,’ हे त्याचं नेहमीचंच. मी म्हटलं, केलेलं आवडत नसेल, लिहिलेलं आवडेल. निरोप फोनवरूनही पाठवता आला असता. फुलांचं चित्र आणि खाली हात जोडलेले, दोन मिनिटांचं काम. पण त्या दिवशी ट्रंक बंद करताना तुम्ही सहज म्हणून गेलात, ‘आता पत्रं कुठली येतात, नुसती बिलं येतात,’ ते डोक्यात राहिलं होतं. म्हणून हा कागद. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे कपाळावरचा चष्मा शोधत घरभर फिरायला नको.

खरं सांगायचं तर लिहायला बसलो आणि अडलो. वाढदिवसाच्या पत्रात माणसाचे गुण लिहायचे असतात, आणि तुमच्याबद्दल मला माहिती ती किती! सहा वर्षांत मी तुमच्या घरी आलो असेन सात-आठ वेळा, त्यातही निम्म्या वेळा निखिलला घेऊन लगेच निघायच्या घाईत. तुमचं लहानपण कसं गेलं, तुम्हाला कुठलं गाणं आवडतं, राग कशाचा येतो, यातलं मला काही ठाऊक नाही. (रागाचं थोडं ठाऊक आहे, ते पुढे येईलच.) तेव्हा ‘तुम्ही मायेचा सागर आहात’ वगैरे मी लिहिणार नाही. जे समोर बसून पाहिलं तेवढंच लिहितो.

पहिल्यांदा आलो तेव्हा हेल्मेट हातात घेऊन दारातच उभा राहिलो होतो. निखिल आवरत होता. ‘पाचच मिनिटं काकू, इथेच थांबतो,’ असं मी म्हणालो, तर तुम्ही आतून म्हणालात, ‘दारात उभं राहून बोललेलं मला ऐकू येत नाही, आत ये.’ मला ते खरंच वाटलं आणि पुढचा अर्धा तास मी तुमच्याशी ओरडून बोलत होतो. तुम्हाला चांगलं खणखणीत ऐकू येतं हे निखिलने मला जिन्यात सांगितलं, तेही पोट धरून हसत.

त्याच दिवशी तुम्ही मला ‘अनिकेत’ म्हणालात. मी काही बोललो नाही. मोठ्या माणसाची चूक पहिल्याच भेटीत कशी काढायची? दुसऱ्या वेळी पुन्हा अनिकेत, तिसऱ्या वेळीही. एव्हाना मला त्या नावाची सवय झाली होती, हाक आली की मान आपोआप वळायची. मग निखिलने तुमच्यासमोर ‘अनिरुद्ध’ म्हटलं आणि तुमचा राग मी पाहिला तो तेवढाच. ‘तीन वेळा चुकीच्या नावाने हाक मारली तुला, तोंड नाही का? सांगायचं नाही का?’ तुम्ही रागावलात माझ्यावर, पण अवघडलात स्वतः. त्यानंतर प्रत्येक भेटीत दार उघडल्या उघडल्या तुम्ही माझं पूर्ण नाव घेता, अगदी जोडाक्षरासकट, हजेरी घेतल्यासारखं. काकू, एक कबुली देतो. मला ते अनिकेतही आवडायचं.

मुलाखतीच्या दिवशीचं बटण तुम्हाला आठवत नसेल. तुमच्यासाठी ते चार टाक्यांचं काम होतं. मी मात्र आत जाऊन बसलो तेव्हा समोरच्या तिघांकडे न बघता आधी मनगटाकडे बघितलं होतं. बटण दुसऱ्याच शर्टाचं, जरासं मोठं, पण दोरा तुम्ही डबा उपसून नेमक्या त्याच निळ्याचा शोधला होता. ते बटण अजून तसंच आहे. शर्टाची कॉलर विरली, बटण हललं नाही.

आणि ते शब्दकोडं! मी बेल न वाजवता, फोनही न करता उघड्या दारातून आत आलो, तर तुम्ही पेन्सिल कानामागे खोवून बसलेल्या. वर न बघताच विचारलंत, ‘न बोलावता येणारा, चार अक्षरी, दुसरं अक्षर गं.’ मी चपला हातात घेऊन तिथेच थबकलो. ‘पाहुणा’ म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, ‘तीनच होतात, आणि गं कुठाय त्यात?’ मग आपण दोघांनी मिळून ‘आगंतुक’ काढलं आणि माझा चेहरा बघून तुम्हाला हसू आवरेना. ‘अरे तुला नाही म्हणत, कोड्यात आहे!’ त्यानंतर मी न कळवता आलो की निखिल दारातूनच ओरडतो, ‘आई, चार अक्षरी आलाय.’

पण हे पत्र मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते वेगळंच आहे. ते तुमच्याशी समोरासमोर कधी बोललो नाही, बोलता आलंही नसतं.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली होती. चार महिने घरी होतो. त्या दिवसांत कुणाकडे जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, कारण पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग, सध्या काय?’ विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, हे कळत होतं. तरी उत्तर देताना माणूस दर वेळी थोडा लहान होतो. निखिलने आग्रह केला म्हणून तुमच्याकडे आलो, तोही येताना रस्त्यात उत्तर पाठ करत. आणि तुम्ही दार उघडून म्हणालात, ‘बरं झालं आलास अनिरुद्ध, माळ्यावरची ट्रंक काढायचीय. निखिलची पाठ धरलीय.’

ट्रंक काढली, पुसली. तुम्ही पदराने कुलूप पुसलंत आणि किल्ली फिरवलीत. आत सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे. काही शाई तपकिरी झालेली, काही घड्या इतक्या जुन्या की उलगडताना कागदाचा आवाजच येत नव्हता. तुम्ही ती वर्षांप्रमाणे लावायला मला बसवलंत. मी तारीख वाचायची, तुम्ही गठ्ठा सांगायचा. दोन तास. मध्येच तुम्ही एखादं पत्र चष्म्याजवळ नेऊन मनात वाचत होतात, ओठ हलत होते, आणि मग काही न बोलता ते पुन्हा घडी करून ठेवत होतात. तिथेच एका पत्रावरचं ‘ती. स्व.’ मी ‘तीर्थरूप’ असं वाचलं आणि तुम्ही मला थांबवलंत. एका ‘स्व’ने काय फरक पडतो ते समजावून सांगितलंत. मी म्हटलं, म्हणजे हे परक्यांसाठी? तुम्ही मान हलवलीत. ‘परक्यासाठी कसं असेल? परक्याला कुणी तीर्थ म्हणतं का?’

त्या दोन तासांत तुम्ही मला नोकरीबद्दल एका शब्दानेही विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच नाही. मी सुटकेचा श्वास टाकून घरी गेलो. पाठ केलेलं उत्तर तसंच राहिलं. पुढे वर्षभराने कळलं की निखिलने तुम्हाला आदल्याच रात्री सगळं सांगितलं होतं, आणि त्याची पाठ त्या दिवशी ठणठणीत होती.

काकू, मला त्या दिवशी धीराच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटले असते. तुम्ही मला काम दिलंत, आणि ते करताना तारखा वाचणारा म्हणून माझी गरज होती. याबद्दल आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. निखिलला विचारलं तर तो म्हणाला, ‘मानू नकोस, आई उठून आत निघून जाईल.’ म्हणून लिहिलं. कागद हातात असताना आत गेलात तरी चालेल, तिथेही वाचता येईल.

आता शुभेच्छा, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. तुमचे गुडघे जिन्याचं ऐकेनासे झालेत असं कळलं. त्यांना थोडी सद्बुद्धी मिळो. डोळे असेच राहोत, म्हणजे सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला जाईल. कोडं रोज सुटो, पण अगदीच सोपं येऊ नये, कारण सोपं आलं की तुम्ही संपादकांवर चिडता. निखिल दिवसातून एकदा तरी तुमच्या बोलण्याला नुसतं ‘हं’ न म्हणता पूर्ण वाक्यात उत्तर देवो. (हे जमणं कठीण आहे, पण शुभेच्छाच द्यायच्या तर हात आखडता कशाला?) उदंड आयुष्य लाभो हे तर आहेच. त्यातले काही दिवस तुमच्या एकटीच्या मनासारखे जावोत, कुणाची उस्तवार न करता, पेन्सिल कानामागे खोवून.

उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. आज फोनही पुष्कळ येतील, त्यात माझा एक वाढवत नाही. हे पत्र निखिलच्या हाती देतोय. त्याने वाटेत उघडून वाचलं असेल तर पाकिटाच्या कडेवरून तुमच्या लक्षात येईलच.

काकांना नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
अनिरुद्ध
(तीन भेटींपुरता अनिकेत)

ता. क. माझी छत्री अजून तुमच्या दाराआड लटकतेय, असं निखिल म्हणाला. ती मी मुद्दाम विसरलो नव्हतो. पण असू दे तिथेच, घ्यायला येईन मी. कळवून येईन असं मात्र सांगत नाही.